ते ९५ टक्के कोणाचे? विद्यापीठ मेळाव्यात विचारायचे प्रश्न

*मी ऐरोलीला राहते. माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला ब्रिटनमध्ये डेटा सायन्सचे एक वर्षाचे एम.एस्सी. करायचे आहे. वाशीच्या एका हॉटेलात भरलेल्या विद्यापीठ मेळाव्यात आम्ही दोघी सकाळभर फिरलो आणि पिशवीभर माहितीपत्रके घेऊन आलो. पण प्रत्येक टेबलावर नोकरी हमखास, शिष्यवृत्ती हमखास आणि आमचाच क्रमांक वरचा, एवढेच ऐकले. पुढच्या महिन्यात ठाण्यात असाच मेळावा आहे, शिवाय दोन विद्यापीठांचे ऑनलाइन ओपन डे आहेत. तिथे नेमके काय विचारावे आणि कोणाचे खरे मानावे? — एक वाचक, ऐरोली*

नमस्कार.

ठाण्याच्या मेळाव्याला जाण्याआधी वाशीहून आणलेली माहितीपत्रके एकदा पुन्हा उघडा आणि मोठ्या अक्षरांऐवजी छोटी अक्षरे वाचा. मुखपृष्ठावरच्या ठळक आकड्याला बहुधा एक चांदणी लावलेली असते आणि तिचा खुलासा शेवटच्या पानाच्या तळाशी, पत्त्याच्या वर, बारीक करड्या अक्षरांत छापलेला असतो. परवाच मी असे एक पत्रक पाहिले. मुखपृष्ठावर ‘९५ टक्के पदवीधर नोकरीत किंवा पुढील शिक्षणात’ असे होते आणि तळाशी, हा आकडा ब्रिटनमध्येच राहणाऱ्या, पूर्णवेळ शिकलेल्या आणि पहिली पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांचा आहे, असे म्हटले होते. छापलेले सगळे खरे होते. फक्त त्यातला एकही शब्द तुमच्या मुलीसारख्या विद्यार्थिनीबद्दल नव्हता.

मेळाव्यातील दाव्यांची अडचण बहुतेक वेळा हीच असते. टेबलावरची माणसे सहसा धादांत खोटे बोलत नाहीत, पण त्यांच्या मागच्या फलकावर जे लिहिलेले असते ते पुष्कळदा दुसऱ्याच विद्यार्थ्यांविषयी असते. ब्रिटिश विद्यापीठांच्या फलकांवर तीन गोष्टी हमखास दिसतात. पहिली म्हणजे टीचिंग एक्सलन्स फ्रेमवर्कचे ‘गोल्ड’. इंग्लंडच्या ऑफिस फॉर स्टुडंट्स या नियामक संस्थेने २०२३ मध्ये जी मानांकने जाहीर केली, ती पदवीपूर्व शिक्षणाची आहेत, एम.एस्सी.चे वर्ग त्यांत तपासलेलेच नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे विद्यार्थ्यांच्या समाधानात वरचा क्रमांक. तो नॅशनल स्टुडंट सर्व्हेवरून काढलेला असेल, तर ते सर्वेक्षण पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे असते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे वेगळे सर्वेक्षण होते, पण त्याचे विद्यापीठवार निकाल सर्वांसाठी प्रसिद्ध केले जात नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे ‘जागतिक दर्जाचे संशोधन’. ते रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क २०२१ मधून आलेले असते आणि प्राध्यापकांच्या संशोधनाबद्दल ते खरोखरच काही सांगते. मात्र ते प्राध्यापक तुमच्या मुलीला शिकवतील की नाही, हे त्यातून कळत नाही. एखादा समुपदेशक तुम्हाला डिस्कव्हर युनि या ब्रिटनच्या अधिकृत संकेतस्थळाकडे पाठवील. ते संकेतस्थळ उत्तम आहे, पण तेही पदवी अभ्यासक्रमांसाठीच आहे.

त्यामुळे तुमच्या मुलीने प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न हाच विचारावा: हा आकडा पदवीचा की एम.एस्सी.चा, आणि त्यात परदेशी विद्यार्थी धरले आहेत का? क्रमांकाच्या बाबतीत कोणती यादी, कोणते वर्ष आणि पूर्ण विद्यापीठाचा क्रमांक की विषयाचा, एवढे विचारून पुढे जावे. यादी बदलली की क्रमांक बदलतो आणि प्रत्येक विद्यापीठ आपल्याला मानवणारीच यादी फलकावर लावते, म्हणून त्या चर्चेत मेळाव्यातील मोलाची मिनिटे घालवू नयेत.

नोकरीच्या आकड्याला मात्र वेळ द्या. ब्रिटनमध्ये पदवीधरांचे जे राष्ट्रीय सर्वेक्षण होते, त्याचे नाव ग्रॅज्युएट आउटकम्स. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर सुमारे १५ महिन्यांनी विद्यार्थ्याला गाठून तो काय करतो आहे, हे त्यात विचारले जाते. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका अभ्यासक्रमाला १२० विद्यार्थी होते आणि त्यांपैकी ४० जणांनी सर्वेक्षणाला उत्तर दिले. उत्तर देणाऱ्यांपैकी ३८ जण नोकरीत किंवा पुढील शिक्षणात होते, म्हणजे ९५ टक्के झाले. या ३८ जणांपैकी ८ जण पुढे शिकत होते, १२ जण दुकानात, गोदामात किंवा पदवी लागतच नाही अशा कामांत होते आणि १८ जण त्यांच्या शिक्षणाला साजेशा नोकरीत होते. त्या १८ जणांत बाहेरच्या देशांतून आलेले समजा ५ होते. आकडा ९५ टक्केच राहतो आणि तो चूकही नाही. पण तुम्हाला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, त्यासाठी हातात फक्त ती पाच माणसे आहेत. उत्तर न देणारे ८० जण बेकार आहेत, असाही याचा अर्थ नाही. त्यांचे काय झाले ते कोणालाच ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते फलकावर येत नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतीत घर पाहताना आपण बिल्डरला सुपर बिल्ट-अप सोडून कार्पेट एरिया विचारतो, तसाच येथे अंश बाजूला ठेवून छेद विचारायचा.

हे विचारण्याची भाषा साधी ठेवावी. “मॅडम, हे ९५ टक्के कोणत्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे आहेत? एम.एस्सी. डेटा सायन्सच्या किती जणांनी उत्तर दिले होते आणि त्यांत परदेशी किती होते?” एवढे पुरे. चांगला प्रतिनिधी बहुधा म्हणेल की हा आकडा पदवीचा आहे, अभ्यासक्रमाचा वेगळा आकडा माझ्याजवळ आत्ता नाही, तुमचा ई-मेल द्या, विभागाला विचारून कळवतो. ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ हे उत्तर मी चांगल्या उत्तरांत धरते. याउलट, “अहो, आमची मुले सगळ्या मोठ्या कंपन्यांत आहेत,” असे म्हणून कोणी बोधचिन्हांनी भरलेला फलक दाखवू लागले, तर त्या कंपनीत एक माजी विद्यार्थी असला तरी तिचे चिन्ह लावता येते, हे लक्षात ठेवावे. तो कोणत्या विषयाचा, कोणत्या वर्षाचा आणि नोकरी त्याला आपल्याकडे लागली की ब्रिटनमध्ये, हे चिन्हावरून समजत नाही.

ही उणीव घरी बसून काही प्रमाणात भरून काढता येते. लिंक्डइनवर विद्यापीठाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग असतो. तेथे वर्ष आणि विषय निवडून, आपल्याकडून गेलेले आणि तोच एम.एस्सी. करून दोन वर्षे झालेले वीसेक जण तुमच्या मुलीने शोधावेत आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: जाण्यापूर्वी काय करत होता, आता काय करतो आणि कोठे करतो. ज्यांचे चांगले झाले तेच आपली पाने अद्ययावत ठेवतात, त्यामुळे हे चित्र खऱ्यापेक्षा थोडे उजळच दिसेल. तरीही पुण्यातील जुन्याच कंपनीत जुन्याच हुद्द्यावर परतलेले सहा-सात जण त्यात दिसले, तर ती माहिती कोणत्याही फलकावर मिळणार नाही.

आता टेबलाच्या पलीकडे कोण बसले आहे, याविषयी. विद्यापीठाच्या नावाचा फलक असला तरी त्यामागची व्यक्ती तीन प्रकारची असू शकते. ती विद्यापीठाची स्वतःची कर्मचारी असेल, विद्यापीठाच्या वतीने पूर्वतयारीचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या खासगी कंपनीची असेल, किंवा मेळावा भरवणाऱ्या एजन्सीची समुपदेशक असेल आणि त्या दिवसापुरती त्या टेबलावर बसली असेल. एजन्सीला विद्यार्थ्याने प्रवेश घेतल्यावर विद्यापीठाकडून कमिशन मिळते आणि ते बहुधा पहिल्या वर्षाच्या शुल्काच्या टक्केवारीत असते. म्हणूनच तिची सेवा तुम्हाला मोफत वाटते. यात गैर काही नाही, पण ज्या विद्यापीठाशी तिचा करार नाही, त्याचे नाव ती सुचवणार नाही, हे गृहीत धरावे. ओळख पटवायची सोपी खूण म्हणजे व्हिजिटिंग कार्डावरचा ई-मेल. ब्रिटिश विद्यापीठांचे पत्ते `.ac.uk` ने संपतात आणि तो पत्ता कोणालाही विकत घेता येत नाही. कार्डावर दुसराच पत्ता असेल, तर “आपण विद्यापीठाच्या कर्मचारी आहात की भागीदार संस्थेच्या?” असे सरळ विचारावे, त्यात कोणी अपमान मानत नाही.

येथेच एक सावधगिरी सांगते. प्रवेशद्वारावर क्यूआर कोड स्कॅन करून जो फॉर्म भरून घेतात, त्यात पुष्कळदा ‘माझ्या वतीने अर्ज करण्यास या संस्थेला परवानगी आहे’ अशा अर्थाचे वाक्य आणि आधीच खूण केलेली चौकट असते. अर्जावर एकदा एका एजंटचे नाव लागले की पुढे तो बदलणे किंवा स्वतः थेट अर्ज करणे कटकटीचे होते. ती खूण काढून टाकावी, पासपोर्टची प्रत तेथे कोणाला देऊ नये आणि मेळाव्यांसाठी एक वेगळा ई-मेल पत्ता ठेवावा. फोनचा पाऊस पडायचा तो पडतोच.

प्रतिनिधीची माहिती ताजी आहे की नाही, हे पाहण्यासाठी ज्याचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा एक प्रश्न जवळ ठेवावा. ब्रिटनसाठी सध्या असा प्रश्न शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट रूट व्हिसाचा आहे. पदवी आणि एम.एस्सी. करणाऱ्यांना त्यावर आजवर दोन वर्षे मिळत आली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने मिळणार आहेत. हा अर्ज अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर करायचा असतो, त्यामुळे तुमची मुलगी आता जाईल तिच्या बाबतीत १८ महिनेच धरून चाला. मुलीने फक्त एवढे विचारावे: “शिक्षण संपल्यावर मला किती काळ राहता येईल?” ज्यांनी बेधडक “दोन वर्षे” म्हटले, त्यांच्या बाकीच्या उत्तरांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढावे. ज्यांनी “तुम्ही अर्ज कधी करणार त्यावर ते अवलंबून आहे,” असे म्हणून तारीख सांगितली, त्यांच्याशी आणखी दहा मिनिटे बोलावे. सहा महिन्यांचा हा फरक लहान नाही, कारण पुढे राहायचे तर तेवढ्याच अवधीत परवानाधारक कंपनीकडून प्रायोजित नोकरी मिळवावी लागते.

डेटा सायन्ससारख्या विषयांत आणखी एक शब्द मेळाव्यात फार सढळपणे वापरला जातो, तो म्हणजे प्लेसमेंट. आपल्याकडे महाविद्यालयात प्लेसमेंट म्हणजे कंपन्या आवारात येतात आणि नोकरी देऊन जातात. ब्रिटनमधील ‘एम.एस्सी. विथ प्लेसमेंट’ म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून काही महिने ते वर्षभर एखाद्या कंपनीत काम करणे, आणि बहुतेक ठिकाणी ती कंपनी विद्यार्थ्यालाच शोधावी लागते. विद्यापीठ बायोडेटा तपासून देते आणि मुलाखतीचा सराव करून घेते, पण जागा देण्याची हमी घेत नाही. जागा मिळाली नाही तर विद्यार्थ्याला प्लेसमेंट नसलेल्या छोट्या अभ्यासक्रमात वळवले जाते, विद्यापीठाला ते व्हिसा खात्याला कळवावे लागते आणि व्हिसाची मुदतही कमी होऊ शकते. येथे विचारायचे प्रश्न असे: गेल्या वर्षी या अभ्यासक्रमातील किती जणांनी प्लेसमेंट मागितली आणि किती जणांना प्रत्यक्ष मिळाली? जागा शोधायची जबाबदारी कोणाची? त्या काळाचे वेगळे शुल्क किती? पहिल्या प्रश्नाला दोन आकडे मिळाले तर ते लिहून घ्यावेत. “बऱ्याच जणांना मिळते,” असे उत्तर आले तर तेही त्याच शब्दांत लिहून घ्यावे.

शिष्यवृत्तीबद्दल थोडक्यात. सर्व परदेशी विद्यार्थ्यांना किंवा ठराविक टक्क्यांच्या वरच्या सर्वांना आपोआप मिळणारी रक्कम ही शुल्कातील सवलत आहे, आणि तिचा हिशेब तसाच करावा. समजा एका विद्यापीठाचे शुल्क २४,००० पौंड आणि ‘शिष्यवृत्ती’ ४,००० पौंड आहे, आणि शेजारच्या टेबलावरचे शुल्क १९,५०० पौंड असून शिष्यवृत्ती काहीच नाही. तर दुसरे विद्यापीठ ५०० पौंडांनी स्वस्त आहे, मग पहिल्याने प्रमाणपत्र कितीही सुंदर दिले तरी. ‘पर्यंत’ हा शब्द जेथे दिसेल, तेथे ती पूर्ण रक्कम गेल्या वर्षी किती जणांना मिळाली, हे विचारावे.

ऑनलाइन ओपन डेचे काम याहून वेगळे आहे, आणि तेथे मेळाव्यातलेच प्रश्न विचारले तर संधी वाया जाते. शुल्क, डिपॉझिट, व्हिसा आणि अर्जाच्या तारखा ही प्रतिनिधीची क्षेत्रे. वर्गात काय चालते हे त्याला सहसा माहीत नसते. ओपन डेला मात्र अभ्यासक्रमाचे प्रमुख प्राध्यापक स्वतः बोलतात. म्हणून स्वागताचे सर्वसाधारण सत्र आणि कॅम्पसची चित्रफीत सोडून द्यावी, ती नंतर केव्हाही पाहता येते, आणि विषयाच्या सत्रालाच बसावे. वेळ नीट पाहावी. उन्हाळ्यात ब्रिटन आपल्या साडेचार तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेपाच तास, म्हणजे त्यांचे दुपारी दोनचे सत्र जूनमध्ये आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला आणि डिसेंबरमध्ये साडेसातला सुरू होते.

सत्राच्या आदल्या दिवशी तुमच्या मुलीने विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या एम.एस्सी.चे ‘प्रोग्राम स्पेसिफिकेशन’ शोधून वाचावे. हे माहितीपत्रक नव्हे. अभ्यासक्रमात काय शिकवले जाते आणि परीक्षा कशी होते, याचा तो औपचारिक दस्तऐवज असतो. ब्रिटनमधील एम.एस्सी. साधारणपणे १८० क्रेडिटचे असते आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे सुमारे दहा तासांचे काम. त्यांत बहुधा ६० क्रेडिट शेवटच्या प्रकल्पाचे असतात. म्हणजे शुल्काच्या एक तृतीयांश रकमेचा मोबदला म्हणून तुम्हाला एक मार्गदर्शक आणि एक प्रकल्प मिळतो, आणि नेमके त्याविषयी मेळाव्यात कोणी अवाक्षर काढत नाही. मुलीने विचारावे की एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात, कंपनीकडून आलेले प्रकल्प किती जणांना मिळाले आणि मार्गदर्शकाशी एकूण किती भेटी ठरलेल्या असतात. त्यानंतर ऐच्छिक विषयांकडे वळावे. यादीत बारा विषय असतात, पण नोंदणी कमी झाली की काही भरवले जात नाहीत, आणि ‘विषय बदलू शकतात’ असे एक वाक्य त्यासाठीच छापलेले असते. “यांपैकी गेल्या वर्षी कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले गेले?” या प्रश्नाचे उत्तर प्राध्यापकांना तोंडपाठ असते आणि ते बहुधा खरे देतात. तिसरी बाब वर्गाची. आठवड्याला प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती आणि प्रयोगशाळेच्या एका तासाला मुले किती, हे विचारावे. काही डेटा सायन्सच्या तुकड्या शंभराच्या वर असतात. तशी तुकडी वाईटच असे नाही, पण व्याख्यानानंतर शंका विचारायला रांग लागेल, हे माहीत असलेले बरे.

हे प्रश्न बोलून विचारण्यापेक्षा चॅटमध्ये लिहावेत. लिहिलेला प्रश्न निवेदकाला सहज टाळता येत नाही, उत्तर लेखी मिळते आणि त्याचा स्क्रीनशॉट घेता येतो. सत्रात उत्तर मिळाले नाही, तर तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी प्रवेश विभागाला ई-मेलने पाठवावा. मेळाव्यात तोंडी मिळालेल्या प्रत्येक महत्त्वाच्या उत्तराचेही असेच करावे: “काल ठाण्याच्या मेळाव्यात आपल्या प्रतिनिधीने सांगितले की अमुक, ते बरोबर आहे का, आणि संकेतस्थळावर ते कोठे दिले आहे?” टेबलावर ऐकलेले आश्वासन आणि या ई-मेलचे उत्तर यांत जेथे फरक पडेल, तेथे ई-मेल खरा मानावा. उत्तर आलेच नाही, तर ते आश्वासन हिशेबात धरू नये.

ओपन डेला गप्पा मारायला आजी विद्यार्थीही बसवलेले असतात. त्यांना या कामाचे पुष्कळदा मानधन मिळते, म्हणून “विद्यापीठ कसे आहे?” असे विचारून उपयोग नाही. गेल्या आठवड्यात किती दिवस वर्गात जावे लागले, पहिल्या असाइनमेंटचे गुण किती दिवसांनी मिळाले, खोलीचे भाडे किती आणि ती शोधायला किती वेळ लागला, असे विचारावे. मत रंगवून सांगता येते, पण गेल्या आठवड्याचे वेळापत्रक रंगवणे कठीण जाते. आपल्याकडचा एखादा विद्यार्थी भेटला, तर त्याच्या वर्गात आपल्याकडचे किती आणि इतर किती, हेही विचारावे. काही तुकड्यांत ते उत्तर ऐकून आपण दादर स्थानकावर उभे आहोत की काय, असे वाटते.

राहता राहिली स्पॉट ऑफर. गुणपत्रिका पाहून जागेवरच ऑफर लेटर देतात, आणि आजच निर्णय घेतला तर अर्जाचे शुल्क माफ किंवा शिष्यवृत्ती वाढवून, असे सांगतात. ब्रिटनमधील बरीच विद्यापीठे एम.एस्सी.साठी अर्जाचे शुल्क घेतच नाहीत, त्यामुळे पुष्कळदा ती माफी नसलेल्या गोष्टीची असते. ऑफर घ्यायला हरकत नाही. ती बहुधा अंतिम गुणांची आणि इंग्रजी परीक्षेची अट घातलेली असते आणि तिने तुम्ही कशालाच बांधले जात नाही. तुम्ही बांधले जाता ते डिपॉझिट भरल्यावर. व्हिसासाठी लागणारे कॅस पत्र काढण्यापूर्वी विद्यापीठे काही हजार पौंड आगाऊ मागतात. म्हणून टेबलावरून उठण्यापूर्वी परताव्याच्या नियमांचे पान फोनवर उघडून दाखवायला सांगावे आणि त्यात तीन प्रसंग शोधावेत: व्हिसा नाकारला गेला तर, अंतिम वर्षाचे गुण अटीपेक्षा कमी पडले तर आणि आपणच विचार बदलला तर. पहिल्या प्रसंगात बहुतेक ठिकाणी थोडी रक्कम कापून पैसे परत मिळतात, मात्र व्हिसा अर्जात चुकीची कागदपत्रे दिल्यामुळे नकार आला असेल तर मिळत नाहीत. तिसऱ्या प्रसंगात ते बहुधा मिळत नाहीतच. दुसऱ्या प्रसंगाबद्दल विद्यापीठागणिक नियम वेगळे असतात, आणि मुंबई विद्यापीठाचे निकाल कधी लागतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा निकाल विद्यापीठाच्या अंतिम तारखेनंतर लागला तर प्रवेश पुढच्या सत्राला नेता येतो का आणि भरलेले डिपॉझिट तेव्हा चालते का, हे प्रवेश विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नका.